युद्धसभेत सहा पक्ष आणि एकच मसुदा

प्रश्न : माझ्या कादंबरीतल्या युद्धसभेत सहा पक्ष बोलतात आणि प्रत्येकाला आतून वेगळेच काही हवे आहे. तीनदा लिहून पाहिले. दर वेळी सहा भाषणे एकामागून एक ठेवल्यासारखी वाटतात. छुपे हेतू एकतर वाचकाला कळतच नाहीत, नाहीतर फारच उघडे पडतात. काय करावे?

आमच्या कोल्हापूर भागात एखाद्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला जो एकदा बसून आला आहे, त्याला तुमच्या अडचणीचे निम्मे उत्तर माहीत असते. विषयपत्रिकेवर अहवाल वाचन, ताळेबंदाला मंजुरी आणि पोटनियम दुरुस्ती असे निरुपद्रवी विषय असतात. मागच्या रांगेतून कोणी तरी उठतो आणि सभासद यादीतल्या वारसनोंदींबद्दल तीन वेळा तोच प्रश्न विचारतो. त्याला वारसांची काळजी नसते, पुढच्या निवडणुकीत कोणाची मते वाढणार याची असते. ते तो बोलत नाही आणि त्याला बोलावेही लागत नाही. तो कोणत्या विषयाला उठला, कोणत्या शब्दाला अडला आणि कोणत्या विषयाला ‘मंजूर, मंजूर’ म्हणून मोकळा झाला, एवढ्यावरून शेजारी बसलेल्याला सगळे समजते. मी ऐतिहासिक नाटके लिहायला लागलो तेव्हा दरबाराचे प्रसंग ग्रंथांपेक्षा अशा सभांमधून जास्त शिकलो.

तुमच्या तिन्ही खर्ड्यांत सभेपुढचा प्रश्न बहुधा ‘लढावे की लढू नये’ असा असणार. असा प्रश्न ठेवला की भाषणेच होतात, कारण त्याला धरायला जागा नसते. होय किंवा नाही म्हणायचे आणि मग शौर्य, धर्म, प्रजा यांवर बोलत राहायचे, एवढेच माणसांच्या हाती उरते. त्याऐवजी सभेपुढे असा एक निर्णय ठेवावा ज्याला चार-पाच मुठी आहेत : केव्हा, किती, कोणत्या बाजूने, कोणाच्या हातून, कोणाच्या पहाऱ्यात. मग प्रत्येक पक्ष आपल्याला हवी ती मूठ धरतो आणि धरलेल्या मुठीवरून ओळखू येतो. त्या निर्णयाचा मसुदा सभा चालू असतानाच लिहिला जात असला, तर तुमचे अर्धे काम तो कागदच करतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. आमच्याकडच्या वाचकाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ठाऊक असतो. दगडी खांब, खांबांमधले गाळे आणि गाळ्यांच्या खाचांत एकावर एक बसवलेले बरगे, अशी त्याची रचना. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचे आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढायचे. राजाराम बंधाऱ्यावरून ज्याचे रोजचे जाणे-येणे आहे त्याला हे सांगावेही लागत नाही. हाच बंधारा आपण कल्पित राज्यात नेऊ. शत्रूची सेना राखेतून उठवलेल्या मृतांची आहे आणि तिला वाहते पाणी ओलांडता येत नाही. वैशाखात नदी आटत आली असून एका ठिकाणी पायी ओलांडता येईल असा उतार पडला आहे. वरच्या अंगाला बारा गाळ्यांचा बंधारा आहे. बरगे काढले तर पावसापर्यंत नदी वाहती राहील. सभेपुढचा प्रश्न इतकाच की बरगे केव्हा, किती, कोणत्या बाजूचे आणि कोणी काढावेत. अद्भुताचा नियमसुद्धा असाच एका ओळीचा ठेवावा. सभेत बसून वाचकाला जादूचे शास्त्र समजून घ्यावे लागले, तर माणसांकडे बघायला त्याला सवड राहत नाही.

आता सहा पक्ष. प्रत्येकासाठी मी वहीत तीन गोष्टी लिहितो : तो उघडपणे काय मागतो, त्याला खरे काय हवे आहे, आणि तो काय मोजतो. तिसरी गोष्ट माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरली आहे. सहा जणांना सहा बोलीभाषा देण्याचा मोह होतो, पण वाचकाला तो लवकरच कंटाळवाणा होतो. मोजण्याची सवय मात्र कथानकातून येते आणि नाव न देताही माणूस ओळखू येतो.

कारभार पाहणारी राणी चंद्रावळ रात्री मोजते. तिचा बारा वर्षांचा मुलगा नदीपलीकडे ओलीस आहे आणि अमावास्येच्या रात्री त्याला उतारावरून गुपचूप अलीकडे आणण्याचा सौदा तिने शत्रूच्या वकिलाशी केला आहे. खोऱ्याचा देशमुख माणकोजी जमीन मोजतो. डाव्या तीरावर त्याच्या भाऊबंदांची शेते आहेत. पाणी त्या अंगाने सुटले तर बांधावरचे खुणेचे दगड वाहून जातील आणि नव्या मोजणीत त्याला हवे ते करता येईल. नगरशेट धनपाल धान्याच्या खंडी मोजतो. नदी भरून वाहिली तर खालच्या मुलखातून धान्याच्या नावा येतील आणि गडावरच्या त्याच्या कोठारातला भाव पडेल, म्हणून त्याला उताराला पुरेल पण नावेला पुरणार नाही एवढेच पाणी हवे आहे. मठाधिपती जलनाथ पाण्याची खोली हातांत मोजतो. जलाशयाच्या तळाशी देवीचे बुडालेले देऊळ आहे, असे मठ दोनशे वर्षे सांगत आला आहे आणि तळाशी चिखलाखेरीज काहीच नाही हे फक्त त्याला माहीत आहे. डोंगरी लोकांची नाईकीण ओवळी नावे मोजते. गेल्या वर्षी मेलेली तिची माणसे शत्रूच्या सेनेत चालत आहेत. ती उतारापर्यंत आली, तर त्यांना नावाने हाक मारून मोकळे करता येईल, अशी तिची श्रद्धा आहे. ही सहाही माणसे एकाच बंधाऱ्याबद्दल बोलणार आहेत, हे विसरू नये. छुपी इच्छा निर्णयाच्या एखाद्या मुठीला बांधलेली नसेल, तर ती या प्रसंगात आणूच नये. दुसऱ्या प्रकरणात तिला जागा मिळेल.

राहिला सेनापती भैरव. त्याने माणसे मोजायला हवीत आणि तो नेमका तेच करत नाही. सहा महिने पगार थकल्यामुळे त्याची निम्मी फौज पळाली आहे आणि हजेरीपट खोटा आहे. त्यामुळे तो उघडपणे ‘बंधाऱ्याला हात लावू नका, उतारावर समोरासमोर लढू’ म्हणतो आणि सभेने आपले ऐकू नये अशी मनातून प्रार्थना करतो. सहांपैकी एकाचे उघड बोलणे आणि खरी इच्छा अशी अगदी उलटी असावी. सगळ्यांचीच उलटी केली, तर वाचक ते कोडे म्हणून सोडवू लागतो आणि माणसांतली गोडी जाते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : प्रत्येकाचे उघड कारण स्वतःच्या बळावर खरे आणि शहाणपणाचे असले पाहिजे. पानिपतच्या मोहिमेत सुरजमल जाटाने भाऊसाहेबांना सल्ला दिला होता की बुणगे आणि जड सामान मागे ठेवावे आणि गनिमी काव्याने लढावे. मल्हारराव होळकरांचा कलही गनिमी काव्याकडे होता, तर इब्राहिमखान गारद्याचा भर तोफा आणि कवायती पायदळावर होता. आपापल्या फौजेच्या बळाकडे आणि मुलखाकडे पाहून प्रत्येक जण बोलत होता असे म्हणता येते, पण म्हणून कोणाचा सल्ला खोटा ठरत नाही. तुमच्या नगरशेटानेही ‘उन्हाळा लांबला तर पुढे काय प्यायचे?’ असेच विचारावे आणि वाचकाला ते पटावे. खोट्या कारणाआडचा स्वार्थ कोणालाही दिसतो. खऱ्या कारणाआड लपलेला स्वार्थ वाचकाला शोधावा लागतो आणि त्या शोधातच त्याला रस असतो.

हेतू सांगण्याची आणखी एक जुनी तऱ्हा उद्योगपर्वाच्या आरंभी, विराटाच्या सभेत दिसते. बलरामाने दुर्योधनाला गदायुद्ध शिकवले आहे आणि त्याच्या मनाचा कल तिकडे आहे, पण तो तसे म्हणत नाही. तो बोलतो ते दूताच्या सुराबद्दल : जाणाऱ्याने नम्रपणे बोलावे, कारण युधिष्ठिर समजून-उमजून द्यूताला बसला होता. सात्यकी भडकतो, कारण सुराबद्दलच्या त्या सूचनेत बाजू घेतली गेली आहे हे त्याला कळते. मग द्रुपद कामाचे बोलतो, म्हणजे बोलणी चालोत, पण राजांकडे सैन्यासाठी माणसे आधी धाडा. यात शिकण्याजोगे असे की बलरामाचा हेतू कवीने आपल्याला सांगितला नाही, सात्यकीच्या संतापातून दाखवला. तुमच्या सभेतही एकाचा हेतू दुसऱ्याने ओळखावा, आणि शक्यतो चुकीचा ओळखावा.

आता प्रसंग प्रत्यक्ष कसा चालतो ते थोडे जवळून दाखवतो. चिटणीस निळोबा मसुदा लिहीत आहे आणि आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो आहोत. पहिली ओळ अशी आहे : ‘आज रात्री बंधाऱ्याचे बाराही गाळे मोकळे करावेत.’ सेनापतीचे लढाईचे म्हणणे ऐकून झाले आहे आणि ते कोणी उचललेले नाही. देशमुखाच्या आग्रहावरून ‘डाव्या अंगाचे’ हा शब्द चढला आहे, नगरशेटाने बाराचे पाच केले आहेत, आणि जलनाथांनी तळाचे दोन बरगे न हलवण्याचे वचन घेतले आहे.

“आज रात्री नको,” राणीसाहेब म्हणाल्या. “खालच्या वस्त्या हलवायला तीन रात्री लागतील. अमावास्या उलटू द्या.”

निळोबाने ‘आज रात्री’ खोडले. खालच्या वस्त्या परवाच हलल्या होत्या आणि तो हुकूम त्याच्याच हातचा होता. त्याने बोरू शाईत बुडवला आणि काही बोलला नाही.

“मग तीन रात्री उतार उघडा राहणार,” माणकोजी म्हणाला. “त्यावर पहारा कोणाचा?”

सगळ्यांनी सेनापतीकडे पाहिले.

“माझी माणसे उभी करतो,” भैरव म्हणाला. “पुरेशी आहेत.”

“किती?” ओवळीने विचारले. ती सभेत प्रथमच बोलत होती.

“पुरेशी.”

“मग त्यांना निजू दे. अंधारात आम्हाला तुमच्यापेक्षा बरे दिसते. तीन रात्री उतारावर डोंगरी माणसे उभी राहतील. दुसरे कोणी नको. राजवाड्याचेसुद्धा नको.”

भैरवने मान डोलावली. ज्या माणसाने गेल्या दसऱ्याला मिरवणुकीत आपला हत्ती दुसरा ठेवला म्हणून तीन दिवस अन्न घेतले नव्हते, त्याने मान डोलावली.

“राणीसाहेब?” निळोबाने विचारले. “असेच लिहू?”

राणीसाहेबांनी समईची वात पुढे सारली. ती चांगली तेवत होती.

“लिहा,” त्या म्हणाल्या.

या एवढ्या तुकड्यात एकानेही मनातले सांगितलेले नाही. राणीचे कारण खोटे आहे हे चिटणिसाला कळते, पण का खोटे आहे ते त्याला कळत नाही. सेनापतीचा आकडा दोनदा येत नाही. ओवळीची मागणी तिच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि तिनेच राणीचा सौदा मोडला आहे, कारण आता मुलगा उतारावर येईल तेव्हा तिथे राजवाड्याचे माणूस नसेल आणि नदीतून येणाऱ्या सावलीवर डोंगरी पहारा काय करील, हे कोणीच सांगू शकत नाही. राणीला हरकत घ्यायची असेल तर कारण द्यावे लागेल आणि कारण दिले की सगळे संपले. तिची किंमत त्या ‘लिहा’मध्ये आहे. मी हा प्रसंग आधी मनात रचतो तेव्हा याच क्षणापासून मागे येतो : कोणत्या दोन छुप्या इच्छा एकमेकींवर अशा आदळतील की त्यांतल्या एकीला गप्प बसून हरावे लागेल? तो आदळण्याचा क्षण सापडला की बाकीच्यांच्या बोलण्याचा क्रम आपोआप लागतो. ज्याची मागणी दुसऱ्याचे गुपित मोडते, तो शेवटी बोलतो.

चिटणिसाची नजर निवडण्याचे कारण केवळ कागद त्याच्या हातात असतो एवढेच नाही. सहांपैकी एकाच्या मनात शिरून लिहिले तर त्याचे गुपित सांगावेच लागते. सांगितले नाही तर वाचकाला पुढे फसवल्यासारखे वाटते, आणि तो राग रास्त असतो. सहाही मनांत आळीपाळीने शिरले तर सभा उरत नाही, सहा कबुलीजबाब उरतात. चिटणीस मात्र बाहेरचा असूनही जुने कागद त्याला ठाऊक असतात. त्यामुळे वस्त्या परवाच हलल्या यासारखी विसंगती त्याच्याच लक्षात येऊ शकते. पगाराचे कागदही त्याच्या हातून गेले असतील, तर सेनापतीचे ‘पुरेशी’ त्याला आणखी बोचेल. ते तुम्ही पुढे वापरू शकता.

षट्कर्णी झालेला मंत्र फुटतो, असे आपल्याकडे जुने वचन आहे. सहा कान म्हणजे तीनच माणसे. तुमच्या सभेत तर नुसत्या बोलणाऱ्यांचेच बारा कान आहेत. म्हणून सहाही गुपिते याच प्रसंगात फोडण्याची घाई करू नये. माझा हिशेब साधारण असा असतो की दोन गुपिते वाचकाला सभेपूर्वी पक्की माहीत असावीत, दोघांबद्दल सभेत संशय यावा आणि उरलेल्या दोघांचे बोलणे अगदी सरळ वाटावे. या उदाहरणात राणीचा सौदा आणि सेनापतीचा खोटा हजेरीपट आधीच्या प्रकरणात येऊन गेलेला असावा. तसे नसेल, तर समईची वात पुढे सारणे म्हणजे नुसती समईची वात पुढे सारणे राहते. देशमुख आणि मठाधिपती संशयात राहतील. नगरशेट आणि ओवळी यांचे खरे रूप पुढे उलगडेल आणि तेव्हा वाचक मागची पाने उलटून पाहील. कोणती दोन आधी फोडायची हे ठरवायला माझा निकष सोपा आहे : ज्याला सभेत गप्प बसून हरायचे आहे त्याचे गुपित आधी माहीत हवे, कारण न बोललेले दुःख वाचकाला माहिती असल्याशिवाय पोहोचत नाही.

माझ्याकडून पूर्वी झालेली चूकही सांगून ठेवतो. पहिल्या नाटकातल्या खलबताच्या प्रवेशात मी प्रत्येक सरदाराला पाऊण पान दिले होते आणि प्रत्येकाच्या बोलण्याआधी कंसात ‘गूढ हसत’, ‘नजर चुकवीत’, ‘डोळ्यांत वेगळीच चमक’ असे लिहिले होते. तालमीत नटांनी ते इमानाने केले आणि पाचव्या मिनिटाला रंगमंचावर पाच जण गूढ हसत बसलेले दिसले. दिग्दर्शकाने कंस काढून टाकले, तेव्हा कोणाचाच हेतू उरला नाही, कारण हेतू संवादात कधी नव्हताच. कादंबरीतही हेच होते. ‘त्याच्या डोळ्यांत क्षणभर काही तरी चमकून गेले’ हे वाक्य खर्ड्यात दिसले की ते काढावे आणि त्याच्या जागी त्या माणसाने मसुद्यातला कोणता शब्द बदलला ते लिहावे. बदलायला शब्दच सापडला नाही, तर त्या पक्षाचे सभेत काही काम नाही. मग त्याला बाहेर काढावे किंवा त्याची इच्छा बंधाऱ्याला बांधावी.

दुसरी चूक लांबीची. पानाच्या एक तृतीयांशाहून लांब बोलण्याला मधेच कोणी तरी अडवावे, आणि अडवणाऱ्याने विषय बदलू नये, तपशील विचारावा. ‘पहारा कोणाचा?’ या दोन शब्दांनी वरच्या तुकड्यात जे झाले ते देशमुखाच्या दहा ओळींनी झाले नसते. तोही ते सहज विचारत नाही. पहारा ठरल्याशिवाय त्याची माणसे रात्री डाव्या तीरावर जाऊन खुणेचे दगड आधीच सैल करू शकत नाहीत. हे मी प्रसंगात लिहिलेले नाही आणि तुम्हीही लिहू नका. पण तुम्हाला ते माहीत असले पाहिजे, कारण माहीत असले की तो प्रश्न बरोबर जागी येतो.

खर्डा झाला की दोन तपासण्या करा. पहिलीत सगळ्यांची नावे झाकून संवाद एखाद्या मित्राला वाचायला द्या आणि रात्री, जमीन, खंडी, हात व नावे यांच्या मोजणीवरून, आणि एकाच्या न मोजण्यावरून, कोण बोलतो आहे ते त्याला ओळखता येते का पाहा. चार ओळखले तरी पुरे. दुसरीत मसुद्याची पहिली आणि शेवटची ओळ शेजारी शेजारी लिहा. आपल्या उदाहरणात ‘आज रात्री बंधाऱ्याचे बाराही गाळे मोकळे करावेत’ याचे शेवटी असे होते : ‘अमावास्या उलटल्यावर, डाव्या अंगाचे पाच गाळे, तळाचे दोन बरगे जागी ठेवून, मोकळे करावेत. तोवर उतारावर डोंगरी पहारा असावा, इतरांनी फिरकू नये.’ या हुकमातल्या प्रत्येक शब्दाला मालक आहे. शत्रूला अडवायला एवढे पाणी पुरेल का, हा प्रश्न सभेत एकानेही विचारलेला नाही. तो निळोबाला सुचतो, पण तेव्हा शाई वाळलेली असते आणि स्वार जिन्याखाली थांबलेला असतो.